गार हात, गरम हात

माझ्या दवाखान्यात काही माणसं आत आल्याबरोबर दोन्ही हात जोडून नमस्कार करतात, तेही जरा लांबूनच. गावाकडची रीत म्हणून पहिली काही वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग लक्षात आलं, की यातल्या बऱ्याच जणांना हात पुढे करायचा नसतो, कारण तो ओला असतो. कऱ्हाडात त्वचारोगांची प्रॅक्टिस करून मला आता सव्वीस वर्षं झाली. आता असा नमस्कार दिसला, की मी टेबलाला वळसा घालून जाते आणि त्या माणसाचा हात हातात घेते. अर्धं निदान तिथंच होतं. उरलेलं एका प्रश्नात होतं, पण त्याकडं नंतर येते.

मागच्या डिसेंबरात बावीस वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. पोलीस भरतीची तयारी करत होता. त्यानंही लांबूनच हात जोडले. खुर्चीत बसला तो हात मांड्यांखाली घालून. आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन बोटं जाड फाईल काढून टेबलावर ठेवली. थायरॉईड, साखर, बी-बारा, डी जीवनसत्त्व, ईसीजी, टूडी एको, पोटाची सोनोग्राफी, सगळं झालेलं. डी जीवनसत्त्व कमी निघालं म्हणून इंजेक्शनंही झाली होती. बाकी सगळे रिपोर्ट चांगले होते, आणि घाम होता तिथंच होता.

मी हात मागितला. बर्फाच्या पाण्यातून काढल्यासारखा गार होता. रुमालानं पुसला, तर पाहता पाहता बोटांच्या पेरांवर बारीक थेंब उभे राहिले. जून महिन्यातला घाम असा नसतो. उन्हानं येणारा घाम कपाळावर, पाठीवर, छातीवर येतो. तळहात आणि तळपाय मात्र मुख्यतः मनाच्या तारेवर चालतात. भीती, घाई, कुणी बघतंय ही जाणीव, यांवर ते ओले होतात. ते सगळ्यांचेच होतात, पण या मुलांची तार जरा जास्तच ताणलेली असते. घामाच्या ग्रंथी मोजल्या तर तुमच्या-आमच्याइतक्याच भरतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्याच दिसतील. फरक आहे तो त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंमध्ये. पुष्कळदा घरात आणखी कुणाचे तरी हात असेच असतात. याचा एक चुलता लेथवर कामाला होता आणि त्यानं हात लावलेल्या पॉलिश केलेल्या जॉबवर दुसऱ्या दिवशी बोटांच्या आकाराचा गंज धरायचा. म्हणून त्याला शेवटी पॅकिंगला बसवला.

"कधीपासून आहे?"

"आठवतंय तसं आहे. चौथीत वहीखाली फडकं ठेवायचो."

"दोन्ही हातांना सारखाच?"

"सारखाच. पायांनाही. चप्पल सटकते."

मग मी तो प्रश्न विचारला. "झोपेत येतो का?"

तो गोंधळला. झोपेत काय होतं ते त्याला कुठून माहीत असणार? उत्तर आईनं दिलं. "न्हाई. झोपला की कोरडा ठणठणीत. मी मुद्दाम हात लावून बघितलाय."

एवढ्यावर माझ्यापुरतं निदान झालं. सहा महिन्यांहून जुना, लहानपणी सुरू झालेला, दोन्ही बाजूंना सारखा, आठवड्यातून एकदा तरी कामात अडथळा आणणारा, घरात आणखी कुणाला असलेला आणि झोपेत थांबणारा घाम. यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तरी पुरतं. इथं सगळ्याच जुळत होत्या. झोपेत जागा मेंदू हुकूम द्यायचा थांबतो, म्हणून तळहात कोरडे पडतात. शरीरात दुसरा आजार असेल तर तो काही झोपत नाही. या मुलाला एकाही तपासणीची गरज नव्हती. ती फाईल मी बाजूला ठेवली, तेव्हा आईचा चेहरा पडला. साडेनऊ हजार गेले होते तिचे. हे सगळं कुणी आणि का करायला सांगितलं, हे मी विचारलं नाही. 'काहीतरी असेल' या धास्तीनं माणसं स्वतःच लॅबची पायरी चढतात, आणि 'काही नाही' हे सांगायला डॉक्टरला बराच वेळ बोलावं लागतं, हेही मला ठाऊक आहे.

पण 'काही नाही' म्हणजे त्रास नाही, असं नव्हे. भरतीत सव्वासात किलोचा लोखंडी गोळा फेकायचा असतो. याच्या हातातून तो निसटायचा. हातांना माती चोळली की मातीचा चिखल व्हायचा. मागच्या वर्षी परीक्षाकेंद्रावर अंगठा उमटेना, तर मागची रांग ओरडायला लागली. त्या ओरडण्यानं हात आणखी ओले झाले. आत उत्तरपत्रिकेवर गोल काळे करताना कागद मऊ पडला आणि पेन आरपार गेलं. रेशनच्या दुकानातही आईच जाते, कारण याच्या अंगठ्याला यंत्र दाद देत नाही. बूट काढायला सांगितलं तर लाजला. तळपाय पांढरे, फुगलेले, टाचेवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि उग्र वास. बंद बुटात सतत ओलं राहिलेल्या कातडीवर एक जीवाणू वाढतो आणि तो हे खड्डे पाडतो. पायांची ही अवस्था दोन-तीन आठवड्यांच्या मलमानं, दोन जोडी बूट आलटून पालटून वाळवल्यानं आणि सुती मोज्यांनी जाते. घाम त्यानं जात नाही.

घामासाठी पहिलं औषध म्हणजे वीस टक्के ॲल्युमिनियम क्लोराईडचं द्रावण. ते घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसवतं. बहुतेकांचा घोटाळा लावण्यात होतो. माणसं ते सकाळी, बाहेर पडताना, ओल्या हातांना लावतात. ओल्या कातडीवर त्याचं आम्ल होतं, आग होते आणि बाटली कोपऱ्यात जाते. ते रात्री झोपताना लावायचं, कारण तेव्हाच हात कोरडे असतात. पंख्याखाली पूर्ण वाळवून लावायचं आणि सकाळी धुवायचं. काखेत ते छान चालतं. तळहातांची कातडी जाड असल्यानं तिथं ते निम्म्याच लोकांचं समाधान करतं, असा माझा अनुभव आहे. याला ते आधीही दिलेलं होतं. कसं लावायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं. नीट लावूनही फरक पडला तो थोडाच.

मोबाईलवर बघून त्यानं ऑपरेशनचं विचारलं. छातीत दुर्बीण घालून मज्जातंतूची साखळी कापतात, हात टेबलावरच कोरडे होतात, हे खरं आहे. पण शरीर तो घाम दुसरीकडून काढतं. पाठ, पोट, मांड्या भिजायला लागतात आणि कापलेली तार पुन्हा जोडता येत नाही. असं ऑपरेशन करून आलेले एक गृहस्थ माझ्याकडं येतात. हात कोरडे आहेत, पण दिवसातून तीन शर्ट बदलतात. हे शेवटचं दार आहे, पहिलं नव्हे. ग्लायकोपायरोलेटच्या गोळीनं घाम कमी होतो, पण तोंड कोरडं पडतं, आणि उन्हात सोळाशे मीटर धावणाऱ्या मुलाचा अंगभरचा घाम बंद केला तर त्याचं अंग थंड कसं होणार? गोळी मी त्याला नाकारली.

मग उरलं माझ्या आवडीचं यंत्र. दोन उथळ ट्रे, त्यांत नळाचं साधं पाणी, तळहात जेमतेम बुडेल इतकंच, आणि पाण्यातून सोडलेला बारीक विद्युत्प्रवाह. मी आठ मिलिॲम्पियरपासून चढवत पंधरापर्यंत नेते. मुंग्या येतात, टोचल्यासारखं होतं, पण दुखू नये. दहा मिनिटांनी ध्रुव उलटे करायचे, की आणखी दहा मिनिटं. आठवड्यातून तीन वेळा. अंगठी काढायची, नाहीतर तिच्याखाली भाजतं. कातरल्या-खरचटल्या जागी व्हॅसलीन थापायचं, आणि चालू प्रवाहातून हात झटकन उचलायचा नाही. गरोदर बाई आणि पेसमेकर बसवलेला माणूस यांच्यासाठी हे नाही. पाचव्या-सहाव्या खेपेपर्यंत काहीच होत नाही आणि नेमका तेव्हाच माणूस सोडून जातो. म्हणून पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर दहा फुल्या मारून देते. हा मुलगा आठव्या खेपेला कोरडे हात घेऊन आला. पुढं आठवड्यातून एकदा केलं तरी टिकतं, सोडलं की महिनाभरात घाम परत येतो, हेही त्याला सांगून ठेवलं होतं.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच्या पहिल्याच दिवसाचं.

बोलणं संपत आलं होतं. बाहेर बरीच थंडी होती, मी शाल पांघरून बसले होते. आणि समोर त्याची आई पदरानं मान पुसत होती. पुन्हा पुन्हा. बोलता बोलता तिनं माझ्या टेबलावरचं मासिक उचलून वारा घ्यायला सुरुवात केली.

"ताई, तुम्हाला उकडतंय?"

"माझं काय हो मॅडम, वयच हाय त्ये. पाळी जायची येळ. तुम्ही याचं बघा."

बाई सत्तेचाळिशीची. पाळी वर-खाली झालेली. वाफा येतात, घाम येतो, हे तिला शेजारणींनी सांगितलं होतं आणि ते चूकही नव्हतं. मी एरवी सोडूनही दिलं असतं. पण पाळी जातानाची वाफ एक लाट असते. छातीतून वर चढते, तोंड लाल होतं, दोन-चार मिनिटं घाम फुटतो, मग अंग गार पडतं आणि बाई शाल शोधते. ही लाट नव्हती. ती आल्यापासून, चाळीस मिनिटं, सलग घामेजलेली होती.

मी तिचा हात घेतला. मुलाचा नुकताच सोडला होता, म्हणून फरक ठसठशीत जाणवला. हाही ओला होता, पण गरम. मऊ आणि गरम. मनगटाशी नाडी एकशे बारा, तीही अर्धा तास खुर्चीत बसून असताना. हात समोर लांब करायला सांगून बोटांवर माझ्या पॅडचा एक कागद ठेवला, तर त्याची कड थरथरायला लागली. घोटभर पाणी प्यायला दिलं, तेव्हा गळ्याशी एक फुगवटा वर सरकला.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. दिवाळीपासून ब्लाउज सैल होत होते. वजन बासष्टचं पंचावन्न झालं होतं, आणि भूक तर वाढली होती. दोन भाकऱ्यांच्या तीन झाल्या होत्या. शौचाला दिवसातून तीनदा. जिना चढताना मांड्या भरून येतात. रात्री गोधडी लाथाडते म्हणून नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला गेला होता. केस गळतात म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेतल्या होत्या.

"दाखवा बरं त्या गोळ्या."

पर्समधून पट्टी निघाली. बायोटिनची होती, मोठ्या मात्रेची. हे विचारलं नसतं तर फसगत झाली असती. बायोटिन रक्तात भरपूर असेल तर काही लॅबच्या यंत्रांत थायरॉईडचे आकडे उलटसुलट येतात. टीएसएच खोटा कमी दिसतो, थायरॉईडची संप्रेरकं खोटी जास्त दिसतात. म्हणजे नसलेला आजार कागदावर दिसतो. हिला आजार आहे असं हात सांगत होता, पण कागदही खरा हवा. गोळी तीन दिवस बंद केली आणि मग टीएसएच, मोकळा टी-फोर, टी-थ्री आणि रक्ताची साधी मोजणी, एवढंच सांगितलं. टीएसएच मोजता येईल त्याच्याही खाली गेला होता, टी-फोर दुपटीवर.

मुलाच्या फाईलमध्ये थायरॉईडचा रिपोर्ट दोनदा होता, आईचा एकदाही नव्हता.

तिला मी गावातल्या फिजिशियनकडं पाठवलं. कार्बिमाझोल सुरू झालं आणि धडधड आवरायला प्रोप्रॅनोलॉल. दमा नाही ना, हे आधी विचारून. घसा दुखला किंवा ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं, हे त्यांनी तिला दोनदा आणि मी एकदा सांगितलं, कारण क्वचित या औषधानं पांढऱ्या पेशी एकाएकी कोसळतात.

हा सगळा सावधपणा माझ्यात मुळातला नाही. तो एका चुकीतून आला आहे. पंधराएक वर्षांपूर्वी वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी माझ्याकडं तळहातांच्या घामासाठी यायचा. अगदी नमुनेदार केस होती, लहानपणापासूनची. एकदा येऊन म्हणाला, "मॅडम, आता रात्रीपण येतो. बनियन पिळावं लागतं." मी त्याच्या जुन्या केसपेपरवर लिहिलं, 'घाम वाढला', आणि औषधाची मात्रा वाढवली. ज्याला घाम यायचाच, त्याला घाम आला, यात नवीन काय, असं मला वाटलं असावं. सहा आठवड्यांनी तो मानेवर बोराएवढी गाठ घेऊन आला. गाठीतलं पाणी सुईनं काढून तपासलं, तर क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण बरा झाला. पण ते सहा आठवडे माझे होते. ज्याचे हात जन्मभर ओले आहेत, त्यालाही दुसरा घाम येऊ शकतो. आणि तो दुसरा घाम रात्री येतो, अंगभर येतो, अंथरूण भिजवून जागं करतो. तेव्हापासून जुन्या रुग्णालाही मी प्रत्येक खेपेला उशी कोरडी असते का, हे विचारते.

रात्रीच्या घामाला क्षय हे एकच कारण नाही. आपल्याकडं ते पहिलं आठवावं, एवढंच. बारीक ताप, वजन उतरणं, मानेत-काखेत गाठ, यांच्यासोबत रात्रीचा घाम असेल तर छातीचा एक्स-रे, रक्ताची मोजणी, ईएसआर आणि एचआयव्हीची तपासणी मी त्याच दिवशी करून घेते. लसीकाग्रंथींचा कर्करोगही अशीच सुरुवात करतो. साखरेच्या गोळ्या घेणारा माणूस पहाटे तीनला घामानं ओला होऊन उठत असेल, तर दुसरं काही तपासण्याआधी त्याच घटकेला बोटाला सुई टोचून साखर बघायची. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडं 'अंगाला घाम येतो' म्हणून आले. एकादशीला जेवत नव्हते, पण ग्लिमेपिराईड मात्र न चुकता घेत होते. घरच्या यंत्रावर पहाटेचा आकडा चोपन्न निघाला. त्यांच्या डॉक्टरांनी उपासाच्या दिवसाचं औषध बदलून दिलं आणि घाम गेला.

म्हणून तपासणीआधी मी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगते. नैराश्यावरच्या काही गोळ्या, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, अचानक सोडलेली दारू, यांनी अंगभर घाम येतो आणि त्यांचा रक्ताच्या रिपोर्टात पत्ता लागत नाही. डोकं ठणकणं, छाती धडधडणं आणि घाम ही तिन्ही एकदम, झटक्यासारखी येत असतील आणि त्या वेळी रक्तदाब वर जात असेल, तर मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीचा विचार करून लघवीतली किंवा रक्तातली विशिष्ट संप्रेरकं मोजावी लागतात. ती तपासणी महाग आहे आणि त्या तिन्ही गोष्टी नसताना ती करू नये. घाम एकाच बाजूला येत असेल, एकच हात किंवा अर्धाच चेहरा, तर मात्र रक्त पुरत नाही. छातीचं, प्रसंगी कण्याचंही चित्र काढावं लागतं, कारण मज्जातंतू कुठंतरी दाबला जात असू शकतो.

आणि दोन घाम असे, की त्यांना माझ्यासारख्या कातडीच्या डॉक्टरकडं आणायचंच नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं होऊन एकाएकी फुटलेला गार घाम घेऊन थेट ईसीजीच्या खाटेवर जायचं. आणि फवारणी करून आलेल्या माणसाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांत पाणी आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतील, तर कपडे उतरवून, अंग धुऊन, डबा सोबत घेऊन सरळ मोठ्या दवाखान्यात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणाऱ्यांना जी विषबाधा झाली, तिनंतर आमच्या भागातही लोक हे जरा लवकर ओळखायला लागले आहेत. अजून पुरेसं नाही.

मार्चमध्ये मायलेक दोघं पुन्हा आले. मुलगा आता नात्यातल्या एका वायरमनकडून प्रवाहाचा काटा बघायला शिकला होता आणि यंत्र घरीच आणलं होतं. त्यांच्या बोअरवेलच्या जड पाण्यात प्रवाह पटकन चढतो, म्हणून तो बारावरच थांबतो, असं त्यानं मलाच शिकवलं. गोळाफेक बरी झाली होती. केंद्रावर अंगठा दुसऱ्या प्रयत्नात उमटला. लेखीचा निकाल यायचा होता.

आई मागं उभी होती, स्वेटर घालून. मार्चात स्वेटर.

"मॅडम, आता उलटंच झालंय. सारखं हुडहुडल्यासारखं होतंय."

मी हात पुढं केला. तिनं दिला. कोरडा होता, खरखरीत आणि चांगलाच गार. नाडी अठ्ठावन्न. टीएसएच नुसता बघू नका, तो कित्येक महिने दबलेलाच राहतो आणि फसवतो, टी-फोरही बघा, अशी चिठ्ठी फिजिशियनना लिहिली. टी-फोर खालच्या रेषेच्याही खाली आला होता. त्यांनी कार्बिमाझोल तीसवरून दहावर आणलं, आणि प्रोप्रॅनोलॉल बंद केलं.